परवानगी आहे म्हटल्यावर फोटोतल्या बाईचं नाव सांगायला काय हरकत?

लेन्सवाला (धागालेखक)

माझा परवाचा धागा संपादकांनी फोटोसकट उडवला, म्हणून हा नवीन. यात फोटो नाही, निवांत वाचा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत, सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी, संमती कट्ट्याच्या अलीकडं गर्दीत एक बाई उभ्या होत्या. हिरवी इरकल, मूठभर अक्षता वर धरलेल्या, मागं नंदीध्वजांचे पांढरे बाराबंदीवाले मानकरी. असा फोटो वर्षात एकदा मिळतो. मी कॅमेरा दाखवून विचारलं, त्यांनी मान हलवली, हसल्या. मी काढला. नाव विचारायच्या आत रेटारेटीत त्या पुढं गेल्या.

आता एका स्पर्धेला तो पाठवायचाय आणि अर्जात फोटोतल्या व्यक्तीच्या नावाचा रकाना आहे. म्हणून 'कुणाच्या ओळखीच्या असतील तर नाव कळवा, त्यांची परवानगी आहे' एवढंच लिहिलं होतं. त्यावर मला जणू चोरच ठरवलं. परवानगी असताना काय चुकलं, ते कुणीतरी नीट सांगा.

शेंगाचटणी

तुझं काही चुकलं नाही बे. आपल्याकडं आजकाल कशाचाही बाऊ. एवढ्या लोकांसमोर बाई उभी होती, लपून नव्हती.

सात रस्ता

सार्वजनिक ठिकाणी फोटो काढायला परवानगी लागतच नाही. फोटो काढणाऱ्याचा त्यावर हक्क असतो. संपादकांनी हे आधी वाचावं आणि मग धागे उडवावेत.

मोगरा

सात रस्ता, तो प्रश्नच नाहीये. फोटो कुणाचा हे कुणी विचारलेलं नाही. फोटोतल्या बाईंचं नाव चारचौघांत आणायचं का, हा प्रश्न आहे.

लेन्सवाला, मान हलवली ती कशाला? 'फोटो काढू का' याला. 'माझं नाव शोधा, अनोळखी लोकांना विचारा, अर्जात लिहा' याला नाही. त्या बाईंना स्पर्धा माहीत नव्हती, हा फोरम माहीत नव्हता. तुम्हालाही त्या वेळी माहीत नव्हतं की नाव लागणार आहे. जे तुमच्याच डोक्यात नव्हतं त्याला त्यांनी होकार कसा दिला?

संमती कट्ट्याजवळचाच फोटो आहे म्हणून म्हणते. तिथली संमतीसुद्धा सगळ्यांच्या कानावर पडेल अशी वाचून दाखवतात, मग अक्षता पडतात. तुमची संमती फक्त तुम्ही ऐकलीत.

लेन्सवाला (धागालेखक)

बरं, ते मान्य करतो. पण मी खोटं बोलत नाहीये ना. वाईट हेतू असता तर उघड धागा कशाला काढला असता?

चादरवाले काका

तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण वाचणाऱ्याला ते कळायचं कसं? माझं सांगतो, म्हणजे कळेल.

सहा वर्षं झाली. दुकानाच्या वर आमच्याकडं टॉवेलच्या कडा शिवायचं काम चालतं, सात-आठ बायका असतात. एक दुपारी माणूस आला. नीटनेटका, बोलायला गोड. मोबाईलवर एका बाईचा फोटो दाखवला, लग्नातला होता. म्हणाला, "बहीण आहे ओ माझी. तिनंच फोटो पाठवलाय, इकडं कुठंतरी कामाला लागली म्हणाली, फोन बिघडलाय तिचा. ये म्हणालीय न्यायला." मी बघितलं आणि सरळ बोलून गेलो, अमुक बाई का, आमच्याकडंच आहेत, सहाला सुटतील.

त्याचा चेहरा एका क्षणासाठी कोरा झाला. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, नंतर आलं. मी सांगितलेलं नाव त्याला माहीतच नव्हतं. ती बाई घर सोडून आलेली, इथं माहेरच्या आजीच्या नावानं राहत होती. त्याच्याकडं तोंडाचा फोटो होता पण नाव जुनं होतं, आणि त्या नावानं विचारत फिरला असता तर अख्ख्या पेठेत कुणी सांगितलं नसतं. तिनं उभी केलेली भिंत म्हणजे तेवढं नावच होतं. ते मी त्याच्या हातात दिलं.

वर गेलो आणि तिला सांगितलं, तुमचा भाऊ आलाय. तिला भाऊ नव्हता. मागच्या जिन्यानं गेली, पिशवी राहिली, परत आली नाही. आठवड्याची मजुरी पाकिटात घालून ठेवली होती, ती गल्ल्यात तशीच आहे.

आता आठवलं की वाटतं, खुणा होत्या. फोटोची एक बाजू कापलेली होती. मोबाईल त्यानं माझ्या हातात दिला नाही, स्वतःच धरून ठेवला. आणि "ती माझ्याकडं यायला तयार आहे" हे त्यानं न विचारता दोनदा सांगितलं.

शेंगाचटणी

काका, वाईट झालं. पण त्यात माणूस खोटारडा होता. इथं फोटोवाला खरा आहे. दोघांना एकाच मापानं कसं मोजणार?

चादरवाले काका

मोजता येत नाही म्हणूनच तर. त्या माणसाचं वाक्य आणि लेन्सवाल्याचं वाक्य शेजारी ठेवा. 'तिची परवानगी आहे.' दोन्हीकडं शब्द तेच आहेत. खऱ्या माणसाला जे म्हणावं लागतं तेच खोट्यालाही म्हणता येतं, आणि म्हणायला पैसे पडत नाहीत. उलट खोटाच ते आधी म्हणतो.

आता मी एकच करतो. कुणी फोटो घेऊन आला तर "ओळखतो" किंवा "ओळखत नाही" यातलं काहीच म्हणत नाही. सांगतो, तुमचं नाव-नंबर लिहून ठेवा, तशा कुणी भेटल्या तर देईन. खरा असेल तो लिहून देतो. दोघे-तिघे चिडून निघून गेले, नंबर नाही दिला.

मोगरा

हे फार महत्त्वाचं आहे काका. तिचा नंबर त्याच्याकडं जात नाही, त्याचा तिच्याकडं जातो. होकार खरंच असेल तर ती स्वतः फोन करेल आणि स्वतःच नाव सांगेल. नसेल तर कुणाचं काही बिघडलं नाही. खऱ्या माणसाचं नुकसान काय, तर थोडी वाट बघायची.

वकिलीण बाई

कायद्याचं थोडं बोलते, कारण खाली कुणीतरी ते आणणारच. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीचं वर्णन आहे: मोकळेपणी दिलेली, विशिष्ट कामापुरती, माहिती घेऊन दिलेली, आणि स्पष्ट कृतीतून दिसणारी. ती परतही घेता येते. वाद झाला तर संमती होती हे सिद्ध करायची जबाबदारी माहिती वापरणाऱ्यावर टाकली आहे. 'तिनं दिली होती' एवढं बोलून ती पार पडत नाही.

सात रस्ता

म्हणजे लेन्सवाल्यानं कायदा मोडला?

वकिलीण बाई

नाही, तसं म्हणत नाहीये. एखाद्यानं स्वतःच्या घरगुती, वैयक्तिक कामासाठी केलेल्या वापराला तो कायदा लागू नाही. स्पर्धेचा अर्ज घरगुती की नाही यावर दोन वकील दोन तास भांडतील. काकांकडं आलेल्या माणसाला तर या कायद्यानं कुणी अडवलंच नसतं. पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, कलम 78, पण तो पाठलाग झाल्यावर. नाव सांगायच्या क्षणी कायदा तुमच्या शेजारी उभा नसतो.

पंचमशीन

दोन दिवस वाचतोय. सगळे 'परवानगी खरी की खोटी' यावर अडकलेत. मी दुसरीकडून येतो. परवानगी शंभर टक्के खरी आहे असं धरा. तरीही नाव सांगणं सुरक्षित होत नाही.

माझं काम अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत हजेरीची यंत्रं बसवायचं. चेहरा दाखवला की हजेरी लागते ती. एका टॉवेलच्या कारखान्यात 240 कामगार. तिथं दोन बहिणी होत्या, जुळ्या नाहीत, दोन वर्षांचं अंतर. धाकटी आली की थोरलीची हजेरी लागायची. आठवड्यातून दोनदा तरी. यंत्र खराब नव्हतं. ते चेहरा 'ओळखत' नाहीच, चेहऱ्याचे आकडे करतं आणि यादीतल्या सगळ्यांच्या आकड्यांशी ताडून बघतं, सर्वांत जवळचा कोण. किती जवळ म्हणजे 'तोच' हे मी एका आकड्यानं ठरवून देतो. तो आकडा कडक केला तर सकाळी तोंडावर ऊन पडलं की निम्म्या लोकांना यंत्र घेत नाही, सैल केला तर बहिणी एक होतात.

हे 240 लोकांत, आणि तेही प्रत्येकाला समोर उभं करून, उजेडात, सरळ बघायला लावून फोटो घेतलेला असताना.

आता लेन्सवाल्याचा फोटो. गर्दी, बाजूचा चेहरा, हात वर. हा कुणाला दाखवला किंवा चेहरा शोधणाऱ्या वेबसाइटवर टाकला तर काय होईल? समजा यंत्र फार चांगलं आहे, लाख अनोळखी चेहऱ्यांमागं एकदाच फसतं. 2011 च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. तेवढे चेहरे यादीत असले तर नऊ-दहा चुकीची माणसं 'हीच ती' म्हणून वर येतील. आणि गड्ड्याला तर कर्नाटकातून, तेलंगणातून लोक येतात. ती बाई मुळात यादीतच नसली तर वर आलेले सगळेच चुकीचे. यंत्र 'इथं नाही' असं सहज म्हणत नाही, जवळचा कोण ते दाखवतं.

आता मुद्दा. परवानगी कुणी दिली? फोटोतल्या बाईनं. नाव कुणाचं निघालं? दुसऱ्याच बाईचं. त्या दुसऱ्या बाईनं कशालाच मान हलवलेली नाही. पहिलीची परवानगी कितीही खरी असली तरी ती दुसरीला लागू होत नाही, आणि चूक झाली की फटका दुसरीला बसतो.

अमेरिकेत डेट्रॉइटजवळ 2020 च्या जानेवारीत रॉबर्ट विल्यम्स नावाच्या माणसाला पोलिसांनी घरासमोर, बायकोमुलींच्या डोळ्यांदेखत बेड्या घातल्या. दुकानातल्या घड्याळचोरीच्या अंधुक चित्रफितीवरून यंत्रानं त्याच्या वाहन परवान्याच्या फोटोकडं बोट दाखवलं होतं. तो चोर नव्हताच. तिथं निदान पुढं वकील, कोर्ट, भरपाई झाली. आपल्या चुकीच्या नावाला कोण भरपाई देणार?

शेंगाचटणी

पण इथं यंत्र कुठं आहे? माणसं ओळखणार. माणूस शेजारणीला चुकणार नाही.

पंचमशीन

शेजारणीला नाही चुकणार. फोरमवर शेजारीण नसते, 'अगदी आमच्या वहिनींसारख्या दिसतात' म्हणणारी माणसं असतात. तेही सर्वांत जवळचा चेहराच दाखवतात, फक्त आकडा दाखवत नाहीत.

लेन्सवाला (धागालेखक)

आता सांगूनच टाकतो, नाहीतर झोप लागणार नाही.

जुना धागा उडवायच्या आधी मला व्यनि आला होता. एका सदस्यानं इन्स्टाग्रामचं खातं पाठवलं, 'याच त्या, अशोक चौकाकडच्या'. मी बघितलं, हुबेहूब. तेच नाक, तशीच हिरवी साडी एका फोटोत. मी बिनधास्त निरोप टाकला: 'नमस्कार, गड्ड्यात तुमचा सुंदर फोटो काढलाय, तुमची परवानगी होतीच, स्पर्धेला नाव देऊ का?'

दुसऱ्या दिवशी त्यांच्या भावाचा फोन. त्या बाई यात्रेला गेल्याच नव्हत्या. घरी त्यांनी तब्येत बरी नाही सांगून जाणं टाळलं होतं, आणि आता नवऱ्यानं मोबाईलवर माझा निरोप वाचला: फोटो, 'तुमची परवानगी होतीच'. तास-दीड तास घरात काय झालं असेल ते भावाच्या आवाजातून कळत होतं. मी माफी मागितली, फोटोतली बाई वेगळी आहे हे पटवायला मूळ फोटोही पाठवला. भाऊ शांतपणे म्हणाला, "आम्हाला दिसतंय ती वेगळी आहे. पण तुम्ही आधी हिलाच ती म्हणालात ना."

म्हणजे पंचमशीन म्हणतात ती दुसरी बाई मला आधीच भेटलीय.

मोगरा

मूळ फोटोही पाठवलात? म्हणजे आता पहिल्या बाईंचा चेहरा एका तिसऱ्याच घरात गेला.

लेन्सवाला (धागालेखक)

हो. तेव्हा सुचलं नाही. त्यांना पुसून टाकायला सांगितलंय, टाकला म्हणाले.

सोनचाफा

माझा प्रश्न थोडा वेगळा. भाचीसाठी स्थळ आलंय. मुलानं स्वतः फोटो दिलाय, म्हणजे परवानगी आलीच. तो खरा आहे का बघायला मी अशा चेहरा शोधणाऱ्या साइटवर टाकू का? नात्यात दोघांची फसवणूक झालीय.

पंचमशीन

ताई, तुमची काळजी खरी आहे, पण दोन गोष्टी वेगळ्या करा. एक असतं 'हाच फोटो अजून कुठं आहे का' हा शोध. कुणीतरी मॉडेलचा फोटो चिकटवला असेल तर त्यात पकडला जातो, त्यात चेहऱ्यावरून माणूस शोधायचा नसतो. दुसरं, 'हा चेहरा कुणाचा' हा शोध. त्यात वर सांगितलेले सगळे घोळ, आणि चांगल्या मुलाच्या नावावर भलत्याचं खातं चिकटायची भीती. तुमच्याकडं तर नाव आहे, पत्ता आहे, माणूस बोलायला तयार आहे. व्हिडिओ कॉल करा, घरी जा. 'हा म्हणतो तोच आहे का' हे तपासणं सोपं, 'हा कोण' हे शोधणं अवघड. फोन चेहरा बघून उघडतो तो 'म्हणतो तोच आहे का' या प्रकारचा, म्हणून तो इतका चांगला चालतो.

आणि त्या साइटवाल्यांचं म्हणाल तर पिमआइजसारखी कंपनी सांगते की फक्त स्वतःचा चेहरा शोधायला वापरा. पण फोटो कुणाचाही चढतो. 2024 मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी कॅमेऱ्याचे चष्मे आणि हेच शोधयंत्र जोडून रस्त्यावरच्या अनोळखी लोकांची नावं काढून दाखवली, धोका दाखवायलाच. 'मला परवानगी आहे' हे तिथं नुसतं म्हणायचं असतं. म्हणणाऱ्याला कुणी विचारत नाही.

सात रस्ता

मग हरवलेल्या माणसाचं काय? मागच्या आषाढीत पंढरपूरहून परतताना आमच्या बसमध्ये एक आजोबा राहिले, स्वतःचं नाव सांगता येईना. आम्ही फोटो गटागटांत फिरवला आणि तीन तासांत मुलगा मिळाला. तेव्हा परवानगी कुणाची होती? तुमच्या हिशोबानं आम्ही चुकलो.

चादरवाले काका

तुम्ही चुकला असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही 'आजोबांची परवानगी आहे' असं म्हणालाही नव्हता. गरज सांगितली, आजोबा तुमच्यासमोर होते, आणि नेणारा आला तेव्हा तुम्ही नुसतं सोपवलं नसणार.

सात रस्ता

स्टेशनच्या चौकीत नेऊन, मुलाचं आधार कार्ड बघून, मग दिलं. तरी काका, फोटो फिरवला तो फिरवलाच. अजून कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये असेल.

वकिलीण बाई

मी आधी चौकी म्हटलं असतं आणि मग फोटो. पण तीन तास म्हाताऱ्या माणसाला बसवून ठेवायला मन होत नाही हेही खरं. यावर माझं मत पक्कं नाही.

शेंगाचटणी

मी सुरुवातीला उगाच बोललो बहुतेक. पण एक विचारतो. लेन्सवाल्यानं आता करायचं काय? फोटो फुकट घालवायचा?

मोगरा

पुढच्या गड्ड्याला त्याच जागी फोटोची छापील प्रत आणि स्वतःचा नंबर घेऊन उभं राहायचं. त्या दरवर्षी येत असतील तर स्वतःच पुढं येतील.

शेंगाचटणी

छापील प्रत दहा जणांना दाखवली तर तोच प्रकार झाला की ओ.

मोगरा

दाखवायची नाही. खिशात ठेवायची. त्या दिसल्या तरच काढायची.

लेन्सवाला (धागालेखक)

स्पर्धेवाल्यांना मेल टाकून विचारलं. म्हणाले, नाव नसेल तर चालेल, व्यक्ती ओळखू येईल असा जवळून काढलेला फोटो असेल तर तिची सही मात्र लागते. सही माझ्याकडं नाही. म्हणून तो पाठवला नाही. त्याच दिवशीचा दुसरा पाठवला, त्यात फक्त वर उचललेले हात आणि हवेतल्या अक्षता आहेत. चेहरा एकही नाही. तेवढा चांगला नाही आलेला, फोकस थोडा मागं गेलाय.

ज्यांनी व्यनि केला होता त्यांनी माझ्यासारखंच अजून कुणाला ते खातं पाठवलं असेल तर कृपया परत घ्या.